त्यांनी म्हणजे कोणी?

पेपर एडिट म्हणजे मुलाखतीतले कुठले तुकडे फिल्ममध्ये कुठल्या क्रमाने येणार याची कागदावरची जुळणी. तो लिहून झाला की मी एकदा मोठ्याने वाचून दाखवते, आणि शक्यतो अशा माणसाला ज्याने ती मुलाखत पाहिलेलीच नाही. परवा मैत्रीण घरी आली होती, ती टेबलाशी बसून मटार सोलत होती आणि मी समोर पाय वर घेऊन तिला वाचून दाखवत होते. डिलाईल रोडच्या एका चाळीतल्या आजींची मुलाखत, गिरणी कामगारांसाठी खाणावळ चालवायच्या त्या. दुसरं पान संपत आलं तसा मैत्रिणीचा हात थांबला आणि ती म्हणाली, "म्हणजे डॉक्टर हिच्या घरी यायचे?" डॉक्टर म्हणजे गिरणी संपाचे पुढारी दत्ता सामंत, हे काही वेगळं सांगायला नको. मी म्हटलं, नाही गं, ते कशाला येतील. तर म्हणे, "मग हिला 'थांब' म्हणून सांगितलं कुणी?"

मी पान परत वर सरकवलं आणि पाहिलं. कागदावर दोन तुकडे एकाखाली एक होते. पहिला, "डॉक्टरांवर समद्यांचा इस्वास. देवावाणी बगायची मान्सं." आणि त्याच्या खाली दुसरा, "त्यांनी सांगितलं, थांब, दोन महिन्यांत व्हईल समदं सुरळीत. मग म्या थांबले." रेकॉर्डिंगमध्ये या दोन वाक्यांत जवळपास चाळीस मिनिटांचं अंतर आहे. दुसऱ्या वाक्यातले 'ते' म्हणजे आजींचे यजमान, साचेखात्यात कामाला होते. पण आजी काही नवऱ्याचं नाव घेत नाहीत, पावणेतीन तासांत एकदाही घेतलं नाही, 'हे', 'ते', 'त्यांनी', फार झालं तर 'पोरांचं वडील'. मूळ बोलण्यात काही घोळ नाही, कारण त्याच्या दोनच वाक्यं आधी त्या "हे रातपाळीवरनं आले" असं म्हणतात. मी तुकडा कापला तो त्या वाक्यानंतर. मग बिनमालकाचं 'त्यांनी' जवळ जो कोणी आदरार्थी पुरुष दिसेल त्याला जाऊन चिकटलं.

आता हे घरगुती गोष्टीत झालं असतं तर फार बिघडलं नसतं. पण १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या त्या संपाबद्दल, अडीच लाखांच्या आसपास माणसं त्यात उतरली होती, आजही गिरणगावात दोन म्हातारे बसले की वाद होतो, कुणी कुणाला काय शब्द दिला होता, कुणी थांबायला सांगितलं, कुणी वेळेवर मागे घेतलं नाही. आणि आमची फिल्म, दोन चिठ्ठ्या एकमेकींखाली आल्या एवढ्यावर, त्या वादात एक साक्षीदार उभी करणार होती जिने तसं काही म्हटलेलंच नाही. यातला प्रत्येक शब्द आजींचाच, आवाज आजींचा, एक अक्षर इकडचं तिकडे नाही. तरी खोटं.

म्हणून अनोळखी कानाला वाचून दाखवायचं. ज्याने मुलाखत ऐकली आहे त्याच्या डोक्यात कापलेला भागसुद्धा वाजत असतो, त्याला 'त्यांनी' कोण हे ठाऊक असतं, त्याला हे कधीच दिसणार नाही. मी तर ती मुलाखत इतक्या वेळा ऐकली होती की आजी श्वास कुठे घेतात तेही पाठ झालं होतं.

हे काम मला पहिल्यापासून आवडतं, म्हणजे शूटिंगच्या धावपळीपेक्षा जास्त. शूट झालेलं असतं, सगळे आपापल्या घरी गेलेले असतात, आणि आपल्यासमोर फक्त एक माणूस बोलत असतो, हवं तितक्या वेळा मागे-पुढे करता येणारा. ज्यांच्याकडे मी शिकले ते सर जुन्या पद्धतीचे, पाठकोरे कागद, कात्री, डिंक. ट्रान्सक्रिप्टचे तुकडे करायचे, जमिनीवर मांडायचे आणि वरून उभं राहून बघायचे, पंखा बंद ठेवून, मे महिन्यातसुद्धा. आता सगळं स्क्रीनवर होतं, रंग देता येतात, ओढून खाली-वर करता येतं, पण मी अजूनही प्रिंट काढून कापते. स्क्रीनवर एका वेळी पाच-सहा तुकडे दिसतात आणि जमिनीवर सगळी फिल्म एकदम दिसते, कुठे गर्दी झालीय, कुठे भोक पडलंय ते लगेच कळतं. शिवाय कागदाची पट्टी हातात धरली की ती किती लांब आहे हे हाताला कळतं, वीत वीतभर लांब पट्ट्या तीन लागोपाठ आल्या तर बघणारा माणूस कंटाळणार हे वाचायच्या आधीच समजतं.

आजींचं बोलणं ट्रान्सक्राइब झाल्यावर अठरा हजारांच्या आसपास शब्द भरले. फिल्म बारा मिनिटांची. त्यात चाळीचा जिना, नळावरचा आवाज, खाणावळीच्या वहीची पानं, असं काही न बोलता जाणारं चार मिनिटं तरी हवं, म्हणजे आजींना बोलायला उरली आठ. त्या मिनिटाला एकशे दहाच्या आसपास शब्द बोलतात, सावकाश, मध्ये सुपारी. म्हणजे नऊशे शब्द. वीस शब्दांतला एक ठेवायचा. मेथीची जुडी निवडून शिजवल्यावर जेवढी उरते त्याहून कमीच.

ट्रान्सक्रिप्ट मात्र पूर्ण हवं. काही जण बोलणं नीट करून लिहून देतात, 'म्हंजे', 'हां', 'ते आपलं हे' सगळं गाळून, व्याकरण सुधारून, आणि वाचायला ते फार छान वाटतं. पण त्या कागदावर केलेला एडिट टाइमलाइनवर टिकत नाही. कागदावर "म्या जेवान बंद केलं" एवढंच असतं आणि आवाजात "म्या" नंतर एक खोकला, मग "म्हंजे काय", मग "जेवान", आणि 'म्हंजे काय' ची 'य' 'जेवान' च्या 'जे' ला अशी चिकटलेली असते की तिथे कात्री जातच नाही. म्हणून मी अडखळणं, थांबणं, हसणं सगळं लिहून घेते, आणि डाव्या समासात क्लिपचा नंबर आणि वेळ. क्लिपचा नंबर का, तर चहासाठी थांबलो तेव्हा कॅमेरा बंद केला होता आणि पुढच्या क्लिपची वेळ परत शून्यापासून सुरू झाली. नुसतं 'अडतिसावं मिनिट' म्हटलं तर कुठल्या क्लिपचं, हे एडिटरला शोधत बसावं लागतं, आणि तो मग फोन करून जे बोलतो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पहिल्यांदा वाचताना मी कथा शोधत नाही. कागद हातात, कानात आवाज, आणि जिथे माझं लक्ष उठून बसतं तिथे समासात एक रेघ, एवढंच. नुसतं वाचून खुणा केल्या तर हमखास चुकीची वाक्यं निवडली जातात, कारण कागदाला गोळीबंद वाक्यं आवडतात आणि आवाजाला वेगळीच. आजी एका जागी नुसतं "काय करायचं?" म्हणतात. कागदावर त्यात काहीच नाही, कोणीही कशालाही म्हणतं तसं. कानात ऐकलं तर ते म्हणताना त्या कॅमेऱ्याकडे न बघता चुलीच्या जागेकडे बघतात, आता तिथे गॅस आहे, आणि आवाज खालच्या पट्टीत जाऊन तिथेच राहतो. दुसरं म्हणजे वाक्याचा शेवट. ट्रान्सक्रिप्ट करणारा पूर्णविराम देऊन मोकळा होतो, पण बोलणाऱ्याचा सूर वर असेल तर वाक्य संपलेलं नसतं, तिथे कापलं तर बघणाऱ्याला जिन्यावरची शेवटची पायरी चुकल्यासारखं होतं. म्हणून निवडलेल्या प्रत्येक तुकड्याच्या शेवटी मी बाण काढते, सूर खाली उतरला की खाली, वर राहिला की वर. वरच्या बाणाच्या तुकड्यानंतर दुसरं काहीतरी बोलणं लगेच यायलाच हवं. खालच्या बाणानंतर थांबता येतं.

मग पट्ट्या कापायच्या आणि प्रत्येकीला नाव द्यायचं. नाव बोलणाऱ्याच्याच शब्दातलं. मी सुरुवातीला 'शोषण', 'स्त्रीचं श्रममूल्य', 'संपाचे परिणाम' असली नावं देत असे, तेव्हा नुकतंच कॉलेज संपलं होतं. असल्या नावांचं होतं काय, की एका नावाखाली सात पट्ट्या जमतात आणि सातही सारख्या वाटायला लागतात. 'वही', 'भोंगा', 'तांदूळ', 'मटण', 'थांब', 'उपाशी', 'रातचं' ही नावं ठेवली की पट्टी डोळ्यासमोर आली की आवाजही येतो.

आजींच्या पट्ट्या निघाल्या नव्वदच्या घरात. सगळ्यात आधी मी त्या ज्या क्रमाने घडल्या त्या क्रमाने मांडल्या, पाटण तालुक्यातलं गाव, लग्न, मुंबई, खाणावळ, संप, नंतरचं. हे एकदा करावंच लागतं, नाहीतर आपणच गोंधळतो. पण तो क्रम म्हणजे फिल्म नव्हे, तो बायोडेटा. ओळखायचं कसं, तर दोन पट्ट्यांच्या मधल्या रिकाम्या जागेत मी पेन्सिलने एक जोडशब्द लिहिते, जो आजी बोललेल्या नाहीत पण बघणाऱ्याच्या मनात उमटेल असा. सगळीकडे 'मग', 'मग', 'मग' आलं की समजायचं गाडी नुसती पुढे चाललीय. 'पण' किंवा 'म्हणून' यायला लागलं की काहीतरी हलतंय. आजींच्या पहिल्या मांडणीत तेरा 'मग' लागोपाठ होते.

अन्नपूर्णा महिला मंडळाची अख्खी गोष्ट इथेच गेली. १९७५ साली प्रेमाताई पुरवांनी खाणावळवाल्या बायकांना एकत्र आणून जे उभं केलं त्यात आजी होत्या, बँकेत पहिल्यांदा सही केली, मॅनेजरने खुर्ची दिली, वीस मिनिटांचं बोलणं आहे ते आणि त्यातलं मिनिट न मिनिट सोन्यासारखं. पण ते कुठेही ठेवलं तरी त्याच्या दोन्ही बाजूंना 'मग' च येत होतं. ती वेगळी फिल्म आहे. मी त्या पट्ट्या रबर बँड लावून पाकिटात घातल्या, पाकिटावर नाव लिहिलं, आणि पाकीट कपाटात, कारण टेबलावर राहिलं असतं तर मी एकेक पट्टी परत आत घुसवलीच असती.

आता ज्याच्यासाठी एवढं लिहायला बसले ते.

क्लिप दोन, अडतिसावं मिनिट. संपातल्या दिवसांबद्दल विचारलं तेव्हा आजी ताठ बसल्या आणि म्हणाल्या, "म्या कुणाला उपाशी ठिवलं न्हाई." लगेच जोडून तांदळाची गोष्ट. संपात गावी निघून गेलेला एक कामगार काही वर्षांनी आला, डोक्यावर तांदळाचं पोतं, म्हणाला मावशी, पैसे नाहीत, हे घ्या, माझी बाकी. आजींनी त्यातलं अर्धं त्यालाच शिजवून घातलं. युनिटमधल्या सगळ्यांचे डोळे भरले होते, साऊंडवाल्या मुलाचेसुद्धा. दिग्दर्शकाने तिथेच मला हाताने खूण केली, शेवट मिळाला.

चहानंतर, क्लिप चार, शेवटचा अर्धा तास. आजी दमल्या होत्या, पाठ भिंतीला टेकली होती, विषय वाण्याच्या उधारीचा चालला होता, म्हणजे तसा बिनमहत्त्वाचा. आणि त्या म्हणाल्या, मी जसंच्या तसं लिहिते, "वाणी म्हनला आता... म्हंजे त्याचं बी काय चुकलं. मंग म्या... ते आपलं... रातचं बंद केलं. रातचं जेवान. सकाळचं घालीन म्हनलं, रातचं न्हाई जमायचं. बत्तीस मान्सं व्हती. कुनी काय बोललं न्हाई." आणि थोड्या वेळाने, "दुसऱ्या दिशी सकाळी आले की समदे. ताटं घेतली."

आता या तीन पट्ट्या आहेत, 'उपाशी', 'तांदूळ' आणि 'रातचं'. तिन्ही खऱ्या. फिल्ममध्ये कुठली आधी, कुठली नंतर?

दिग्दर्शकाच्या मनात होतं 'उपाशी' आणि शेवटी 'तांदूळ', 'रातचं' नाहीच. त्यात आजी देवी होतात. बघणारा टाळ्या वाजवून घरी जातो. मी ती मांडणी जमिनीवर लावून पाहिली, आणि ती चालते, हीच तर पंचाईत, कुठे खटकत नाही, बाणसुद्धा नीट बसतात. फक्त त्यात भूक कुठेच नाहीये. संपाच्या गोष्टीत दीड-दोन वर्षं माणसं भुकेली आहेत आणि आमच्या फिल्ममध्ये सगळ्यांची पोटं भरलेली.

दुसरी मांडणी, आधी 'रातचं', नंतर 'उपाशी'. हे मी मुद्दाम लावून पाहिलं. आधी त्या सांगतात रात्रीचं जेवण बंद केलं, आणि लगेच पुढे ताठ बसून म्हणतात कुणाला उपाशी ठेवलं नाही. बघणारा हसेल. म्हातारी थापा मारते, किंवा मारत नसली तरी स्वतःलाच फसवतेय, असं काहीतरी. मधल्या जागेत मी पेन्सिलने 'पण' लिहायला गेले तर आलं 'म्हणे'. एवढं क्रूर एडिटिंग मी कुणाचं पाहिलं असतं तर मला त्या माणसाचा राग आला असता, आणि गंमत म्हणजे त्यात एकही तुकडा मोडलेला नाही, फक्त दोन पट्ट्यांची अदलाबदल.

तिसरी, 'उपाशी', मग 'तांदूळ', आणि त्याच्याही पुढे 'रातचं'. म्हणजे ज्या क्रमाने त्या आम्हाला बोलल्या तोच क्रम. आधी एक बाई आपल्याबद्दल जे सांगायचं ठरवून बसलेली असते ते सांगते, आणि मग बोलता बोलता, वाण्याच्या निमित्ताने, जे ठरवलं नव्हतं ते बाहेर येतं. आता 'उपाशी' खोटं वाटत नाही. तिने स्वतःशी काय ठरवलं होतं आणि ते कुठपर्यंत पाळता आलं, असं काहीतरी वाटतं. बत्तीस माणसांना सकाळचं घातलं, हे त्या 'रातचं' नंतर जास्त मोठं दिसतं. मधल्या जागेत 'पण' आलं, साधं.

पट्टी खरीच आतून आलीय की पाठ झालेली आहे, हे ट्रान्सक्रिप्टवर बऱ्याचदा चक्क दिसतं. तांदळाच्या गोष्टीत दीड मिनिट एकही 'म्हंजे' नाही. वाक्यं सरळ, शेवटी सगळे बाण खाली, पोतं खाली ठेवल्याचा अभिनयसुद्धा बरोबर जागी. ती गोष्ट आजींनी नातवंडांना, शेजारणींना, आधी येऊन गेलेल्या कुणा पत्रकाराला सांगून सांगून गुळगुळीत झालेली आहे. म्हणून ती खोटी ठरत नाही, माझा विश्वास आहे की पोतं आलं होतं. पण आमच्या कॅमेऱ्यासमोर ती घडत नाही, वाजते. 'रातचं' मध्ये चार ओळींत दोन 'म्हंजे'-'आपलं', तीन ठिकाणी थांबणं. तिथे त्या आठवत होत्या. मुलाखत घेणाऱ्यांना पहिल्या तासात बहुतेक पाठ झालेलंच मिळतं, आणि पेपर एडिट करणारे पहिल्या तासाच्या पानांवर जास्त खुणा करतात, कारण तेव्हा आपणही ताजे असतो आणि वाक्यंही स्वच्छ असतात. मी म्हणूनच दुसऱ्यांदा वाचताना शेवटच्या पानापासून मागे येते.

'रातचं' ची एक अडचण होतीच. साठ सेकंदांच्या त्या पट्टीतले नुसते थांबेच वीस सेकंद आहेत. कागदावर मोह होतो की अडखळणं गाळून "रातचं जेवान बंद केलं. बत्तीस मान्सं व्हती. कुनी काय बोललं न्हाई" एवढं सलग करावं, वाचायला जबरदस्त लागतं. मी आतले काप दोन तिरक्या रेघांनी दाखवते, म्हणजे एडिटरला कळतं की इथे चेहरा झाकायला दुसरं दृश्य लागणार, वही, भांडी, काहीतरी. या पट्टीत पाच ठिकाणी तिरक्या रेघा आल्या असत्या. म्हणजे आजी आयुष्यातली बहुधा सगळ्यात अवघड गोष्ट सांगतायत आणि आपण पडद्यावर भांडी बघतोय. सगळ्या रेघा खोडल्या. ती पट्टी अख्खी राहणार, खोकल्यासकट.

त्याच कारणाने मी अजून एक जोड नाकारली. क्लिप दोनमध्ये त्या "वाटलं व्हतं सुटंल" म्हणतात आणि क्लिप चारमध्ये "सुटलं न्हाईच", दोन्ही जोडलं की एक अख्खं सुरेख वाक्य. कागदावर शिवण दिसत नाही. ऐकलं की लगेच दिसते, दोनमधला आवाज उंच, मोकळा, आणि चारमधला बसलेला, मागे तोवर संध्याकाळच्या नळाला पाणी आलेलं. वाक्य एक आणि बाई दोन. आणि समजा आवाज जुळले असते तरी, त्या वाक्यातल्या दोन अर्ध्या गोष्टी वेगळ्या आहेत, पहिली संपाबद्दल आहे, दुसरी वाण्याच्या कर्जाबद्दल. फिल्ममध्ये लोक ते संपाबद्दलच ऐकणार.

'थांब' चं मात्र सोपं निघालं. कापायची जागा दोन वाक्यं मागे नेली, "हे रातपाळीवरनं आले, चप्पल बी काढली न्हाई" पासून. मग 'त्यांनी' ला मालक मिळाला, आणि वर फुकटात ती चप्पल मिळाली. नवरा दारातूनच बायकोला सांगतोय की थांब, होईल. डॉक्टरांवरच्या विश्वासाची पट्टी मी तिथून उचलून भोंग्याच्या जागी नेली, "संक्रांत झाली आन् चार दिसांत भोंगा बंद" च्या पुढे. आजींचं तारखेचं गणित बरोबर आहे, चौदाची संक्रांत आणि अठरापासून संप, त्यामुळे तिथे पडद्यावर तारीख लिहायची गरजच उरली नाही. ही दुरुस्ती अकरा सेकंदांना पडली. ते अकरा सेकंद मी रविवारच्या मटणातून काढले, वाटण कुठलं आणि कुणाला नळी हवी असायची ते सगळं गेलं. मैत्रिणीला नवीन क्रम फोनवर वाचून दाखवला तर तिला नेमकं मटणाचंच वाईट वाटलं.

दिग्दर्शकाला परवा रात्री एडिट पाठवला आणि सकाळी सातला फोन. "तांदूळ मध्ये कशाला टाकलास?" मी म्हटलं, कुठे टाकू. "शेवटी! अगं, लोक रडतील." रडतील हे खरंच आहे, त्यात वाद नाही. मी त्याला एवढंच सांगितलं की तांदूळ शेवटी गेला तर 'रातचं' च्या नंतर जाईल, आणि 'रातचं' च्या नंतर पोतं आलं की बघणाऱ्याला वाटणार चला, फिटलं, बाईने रात्रीचं बंद केलं होतं पण लोकांनी मनाला लावून घेतलं नाही, वर तांदूळ आणून दिले. आजींना एका माणसाने पोतं दिलं, बत्तीस माणसांच्या खात्याची वही अजून ट्रंकेत आहे, आणि ती वही त्यांनी आम्हाला स्वतः काढून दाखवली, सांगितल्याशिवाय. तो म्हणाला, तू फार विचार करतेस. मग म्हणाला, बरं, 'रातचं' नंतर काय आहे शेवटाला? मी म्हटलं, 'ताटं घेतली'. त्याचा बाण खाली आहे. पलीकडे थोडा वेळ नुसता ट्रॅफिकचा आवाज, तो बहुतेक रिक्षात होता.

ठरलं असं की दोन्ही बांधून बघायचं. मी एडिटरला दुसरा कागद पाठवलाय, 'तांदूळ' शेवटी असलेला, आणि त्याच्यावर वरच्या बाजूला लाल पेनने लिहिलंय की हा क्रम ठेवायचा असेल तर 'उपाशी' फिल्ममधून पूर्ण काढावी लागेल, कारण मग ते वाक्य आणि तो शेवट मिळून आजींच्या वतीने असा दावा करतात जो त्यांनी स्वतः क्लिप चारमध्ये मोडून ठेवलाय. एडिटरचा उलट मेसेज आला, 'उपाशी' काढली तर पंचेचाळीस सेकंद रिकामे, तिथे काय? मी लिहिलं, मटण.